यवतमाळच्या वावरातून बासलच्या कोर्टात

डायफेन्थ्युरॉन हे नाव कृषी केंद्रात कोणी घेत नाही. गिऱ्हाईक म्हणतो, "पराटीवर पांढरी माशी लय झाली, काय मारू?" काउंटरमागचा माणूस फळीवरून एक पुडी काढतो, "हे मारा भाऊ, दोन दिवसांत साफ." पुडीवर मोठ्या अक्षरांत पोलो लिहिलेलं असतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत रसायनाचं नाव असतं आणि त्याहून बारीक अक्षरांत सूचना. एखाद्या दुकानात दुसऱ्याच नावाची पुडी मिळते, आत रसायन तेच. पांढरी माशी, तुडतुडे, कोळी यांच्यावर ते चालतं आणि आपल्याकडे कपाशीवर त्याची फवारणी बरीच वर्षं होते आहे.

या पुडीच्या मागे जात राहिलं तर एक मोठा विषय हाती लागतो. जगाच्या राजकारणात सरकारांशिवाय कोण कोण असतं, आणि त्यांचं किती चालतं? पाठ्यपुस्तकात त्यांना 'राज्येतर घटक' म्हणतात. बहुराष्ट्रीय कंपन्या, स्वयंसेवी संस्था आणि सीमा ओलांडून एकमेकांशी जोडलेली जाळी, असे तीन प्रकार सांगितले की मास्तर पुढच्या धड्याकडे वळतात. हे तिन्ही प्रकार आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्ष कामाला लागलेले पाहायचे असतील, तर 2017 सालच्या फवारणीची गोष्ट बघावी लागते.

त्या वर्षी पाऊस लांबत-लांबत पडला. पराटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली आणि ओळींमधली जागा बुजून गेली. किडी वाढल्या तशा फवारण्याही वाढल्या. दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळून मारणं नेहमीचंच होतं. झाड उंच असलं की नळी वर धरावी लागते आणि तुषार अंगावर, तोंडावर येतात. घामाने भिजलेला सदरा अंगाला चिकटलेला असतो, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाचा तुषार हाताच्या पंपापेक्षा कितीतरी बारीक असतो. जुलै ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात सुमारे 800 माणसं दवाखान्यात भरती झाली आणि वीसहून जास्त दगावली. कोणाला उलट्या होत होत्या, कोणाला भोवळ येत होती, काहींना काही काळ दिसेनासं झालं. यात शेतकरी होते तसेच रोजीने फवारायला गेलेले मजूरही होते, ज्यांनी पुडी स्वतः विकतही घेतली नव्हती.

सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमलं आणि मृतांच्या कुटुंबांना दोन-दोन लाख रुपये दिले. नोव्हेंबरात पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली. त्या यादीत मोनोक्रोटोफॉस होतं आणि डायफेन्थ्युरॉनही होतं. साठ दिवस संपले, बंदी उठली. इथपर्यंतची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पुढची गोष्ट यवतमाळात फारशी सांगितली जात नाही, कारण ती बरीचशी स्वित्झर्लंडमध्ये घडली.

आधी कंपनीकडे बघू. पोलो सिंजेंटाचं. ही कंपनी 2000 साली दोन मोठ्या औषध कंपन्यांचे शेतीविभाग एकत्र करून बनली. एक स्विस नोव्हार्टिसचा, दुसरा ब्रिटिश-स्वीडिश ॲस्ट्राझेनेकाचा. मुख्यालय स्वित्झर्लंडच्या बासल शहरात. 2017 सालीच, म्हणजे आपल्याकडे खरिपाची तयारी चालू असताना, चीनच्या सरकारी मालकीच्या केमचायना कंपनीने ती 43 अब्ज डॉलरला विकत घेतली. चिनी कंपनीने परदेशात केलेली तोवरची ती सर्वात मोठी खरेदी होती. म्हणजे जिला आपण 'राज्येतर' म्हणतो तिची मालकी एका राज्याकडेच आहे. पुस्तकातली रेघ इथे पुसट होते, आणि ती पुसट आहे हे लक्षात ठेवलेलं बरं. कंपनी सरकारच्या बाहेर असते असं सरसकट म्हणता येत नाही. तिचं बळ वेगळ्याच ठिकाणी आहे.

ते बळ असं. मालकी एका देशात, मुख्यालय दुसऱ्या देशात, आणि विकणारी कंपनी भारतात नोंदलेली, भारतीय कायद्याखालची वेगळी कंपनी असते. कायदा मात्र प्रत्येक देशाच्या हद्दीपाशी थांबतो. डायफेन्थ्युरॉनला युरोपीय संघाने 2002 पासून मान्यता दिलेली नाही. स्वित्झर्लंडनेही 2009 मध्ये ते आपल्या शेतांसाठी बंद केलं. पण 'आमच्या शेतात मारू नका' म्हणणाऱ्या कायद्यात 'इथून बाहेर पाठवू नका' असं लिहिलेलं नव्हतं. 2017 साली स्वित्झर्लंडमधून भारतात सुमारे 75 टन डायफेन्थ्युरॉन आलं. तिथल्या कायद्याने ते चालत होतं आणि आपल्याकडे फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे त्याची नोंदणी होती, म्हणून इथल्या कायद्यानेही चालत होतं. दोन्हीकडे कागद पक्का, आणि मधल्या फटीत शेतकरी.

हा 75 टनांचा आकडा बाहेर कसा आला, तिथे दुसऱ्या प्रकारचा घटक येतो. स्वित्झर्लंडमध्ये पब्लिक आय नावाची संस्था आहे. 1968 पासून ती काम करते, पूर्वी तिचं नाव बर्न डिक्लेरेशन होतं. गरीब देशांत स्विस कंपन्या काय करतात यावर डोळा ठेवणं हे तिचं काम. तिने काही चोरून मिळवलं नाही. घातक रसायन देशाबाहेर पाठवताना स्विस कंपन्यांना सरकारला कळवावं लागतं. हा नियम रॉटरडॅम करारातून आला आहे. 1998 सालच्या त्या करारानुसार धोकादायक रसायन पाठवताना घेणाऱ्या देशाला आधी माहिती द्यायची असते. म्हणजे नोंद सरकारच्या कपाटात होतीच. कोणीतरी ती मागायची, वाचायची आणि यवतमाळच्या दवाखान्याशी तिची सांगड घालायची, एवढंच बाकी होतं.

पण पब्लिक आयच्या झुरिकमधल्या कार्यालयात बसून यवतमाळच्या दवाखान्याशी सांगड कशी घालणार? कोणत्या माणसाने कोणती पुडी फोडली होती, हे तिथे कसं कळणार? त्यासाठी तिसरा प्रकार लागतो, तो म्हणजे जाळं. पेस्टिसाइड ॲक्शन नेटवर्क, ज्याला सगळे नुसतं पॅन म्हणतात, 1982 साली मलेशियातल्या पेनांग इथे सुरू झालं. ही एकच संस्था नाही. निरनिराळ्या खंडांतल्या छोट्या-मोठ्या संघटना या नावाखाली एकमेकांना माहिती पुरवतात. त्यांच्यापैकी पॅन इंडियाचे लोक 2017 च्या ऑक्टोबरातच यवतमाळात आले आणि दवाखाने व गावं फिरून त्यांनी अहवाल लिहिला. पुढे विषबाधा झालेल्यांची आणि मृतांच्या कुटुंबांची एक संघटना उभी राहिली, महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉइझन्ड पर्सन्स. आणि न्यायालयाच्या बाजूने मदतीला बर्लिनची वकिलांची संस्था आली, युरोपियन सेंटर फॉर कॉन्स्टिट्यूशनल अँड ह्युमन राइट्स.

आता इथे जरा थांबून बघण्यासारखी वस्तू म्हणजे पोलिसांचा कागद. फवारताना विषबाधा झालेला माणूस सरकारी दवाखान्यात आला की डॉक्टर पोलिसांना कळवतात. एमएलसी, म्हणजे पोलिसांपर्यंत जाणाऱ्या केसची दवाखान्यातली नोंद, होते, जबाब घेतला जातो, आणि त्या जबाबात बहुतेक वेळा औषधाचं नाव येतं. कधी नातेवाईक रिकामी पुडीच घेऊन आलेले असतात. हा कागद लिहिणाऱ्या जमादाराच्या मनात बासलचं कोर्ट नव्हतं. आपली डायरी पूर्ण करायची म्हणून त्याने लिहिलं. पण पब्लिक आय आणि पॅनने पुढे जे मांडलं, ते या नोंदींच्या आधारावर. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे यवतमाळच्या पोलीस नोंदींत 96 विषबाधा पोलोशी जोडलेल्या आहेत, त्यातल्या दोन मृत्यूच्या. सिंजेंटाला हे मान्य नाही. पोलोमुळे हे झालं याला पुरावा नाही, असं कंपनी म्हणते.

अभ्यासक या मार्गाला 'बूमरँग' म्हणतात. आपल्या गावातली तक्रार आपल्याच सरकारच्या दारात अडली, तर ती बाहेरच्या सोबत्यांच्या हाती द्यायची. ते आपल्या देशातल्या सरकारवर, कोर्टावर, वर्तमानपत्रांवर दाब आणतात आणि त्या दाबाचा परिणाम फिरून मूळ जागी यावा अशी अपेक्षा असते. कागदावर हे सोपं दिसतं. यवतमाळच्या बाबतीत ते कसं गेलं, किती गेलं आणि कुठे अडलं, हे पाहण्याजोगं आहे.

2020 च्या सप्टेंबरात एकदम दोन दारं ठोठावली गेली. पहिलं दार बर्नमधलं, जिथून स्विस सरकार चालतं. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या गटाने 1976 साली बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी वागणुकीची मार्गदर्शक तत्त्वं केली. ती कंपन्यांवर सक्तीची नाहीत. पण ही तत्त्वं मानणाऱ्या प्रत्येक सरकारला एक 'राष्ट्रीय संपर्क केंद्र' ठेवावं लागतं, आणि त्या देशातल्या कंपनीने जगात कुठेही तत्त्वं मोडली तर तिथे तक्रार करता येते. भारताने ही तत्त्वं स्वीकारलेली नाहीत. तरी अडत नाही, कारण स्वित्झर्लंडने स्वीकारली आहेत आणि कंपनी तिथली आहे. यवतमाळच्या 51 कुटुंबांच्या वतीने पाच संघटनांनी तक्रार केली: यवतमाळची, पॅनच्या भारतातली आणि आशियातली, बर्लिनची आणि स्विस. उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी भरून द्या, आणि लहान शेतकऱ्यांना अशी घातक औषधं विकणं थांबवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

या केंद्राकडून काय मिळू शकतं हे आधीच नीट माहीत असलेलं बरं, नाहीतर लोक उगाच आस लावून बसतात. ते केंद्र दंड करू शकत नाही, कंपनीला बोलावून बसवण्याची सक्ती करू शकत नाही, भरपाईचा हुकूम काढू शकत नाही. दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवणं आणि शेवटी एक निवेदन प्रसिद्ध करणं, एवढाच त्याचा हात. आपल्याकडच्या तंटामुक्ती समितीसारखं समजा: दोघं तयार असले तर मिटतं, एक हटून बसला तर समितीच्या हातात काही नाही. इथेही तसंच झालं. भरपाईचा समझोता निघाला नाही.

दुसरं दार बासलचं, आणि ते खरं कोर्टाचं. दोन मृतांच्या पत्नी आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी, अशा तिघांनी स्विस कायद्याखाली भरपाईची मागणी केली. तिथे दाव्याआधी समेटाचा एक टप्पा असतो. तो पार पडल्यावर 2021 मध्ये प्रत्यक्ष दावा दाखल झाला. आधार होता उत्पादकाच्या जबाबदारीचा कायदा. सदोष मालामुळे कोणाला इजा झाली तर बनवणाऱ्याने ती भरून द्यायची, असा त्याचा गाभा. आणि 'सदोष' म्हणजे फक्त बिघडलेला माल नव्हे. वापरणाऱ्याला पुरेसा इशारा दिला नसेल तर तोही दोषच.

सप्टेंबर 2020 हीच वेळ का, असं कोणालाही वाटेल. तीन वर्षं झाली होती म्हणून. त्या स्विस कायद्यात इजा, दोष आणि उत्पादक कोण हे कळल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो, आणि माल बाजारात आल्याला दहा वर्षं झाली की हक्कच संपतो. 2017 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या घटना, म्हणून 2020 च्या सप्टेंबरात धावपळ. या तीन वर्षांत काय काय व्हायला हवं होतं ते डोळ्यांपुढे आणा. पॅनच्या माणसाने गावात पोचायचं. घरधनी गेलेल्या बाईने अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा. कागद गोळा करायचे, मराठीतून इंग्रजीत, तिथून जर्मनमध्ये न्यायचे. बर्लिन आणि बासलच्या वकिलांनी ते तपासायचे. 800 जण भरती झाले आणि कोर्टापर्यंत तिघे पोचले, यात मला नवल वाटत नाही. तिघे पोचले याचंच वाटतं.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येऊ, तो म्हणजे पुरावा. कोर्टात सिद्ध करायचं ते एक नाही. आधी पुडी याच कंपनीची होती हे दाखवावं लागतं. मग त्यातलं रसायन स्वित्झर्लंडहून आलं होतं. मग इजा त्याच रसायनाने झाली. आणि शेवटी, इशारा अपुरा होता. पहिल्या गोष्टीला पक्की पावती लागते, आणि उधारीवर माल उचलणाऱ्याकडे ती क्वचित असते. दुसऱ्या गोष्टीला निर्यातीच्या नोंदी उपयोगी पडतात. तिसऱ्या गोष्टीत टाकीतलं मिश्रण आडवं येतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं. ती शरीरात गेली की रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर उतरतं, ते तपासणीत दिसतं आणि ॲट्रोपिनचा उतारा चालतो. डायफेन्थ्युरॉन वेगळ्या गटातलं आहे. ते पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रणा बंद पाडतं आणि त्याला नेमका उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करावे लागतात. म्हणून एकाच टाकीत दोन्ही असले तर कोणी काय केलं हे वेगळं काढणं कठीण होतं, आणि त्या काळात यवतमाळात साधी कोलिनेस्टरेजची तपासणीही वेळेवर होत नव्हती. ज्या माणसाने फक्त एकच औषध मारलं होतं आणि तसं कागदावर आहे, त्याचीच केस पुढे टिकते.

चौथ्या मुद्द्यावर मात्र कंपनीचं नेहमीचं उत्तर उलटू शकतं. ते उत्तर असं, की हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण अंगाचे कपडे घालून फवारा, असं आम्ही लिहिलं आहे. सरकारी चौकशीतही शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही असाच सूर होता. पण जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेची कीटकनाशकांबाबत एक आचारसंहिता आहे. ज्या औषधासाठी लागणारी संरक्षक साधनं अडचणीची, महाग किंवा सहज न मिळणारी असतील, ते औषध टाळावं, विशेषतः उष्ण हवामानातल्या लहान शेतकरी-मजुरांच्या बाबतीत, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. ही संहिताही ऐच्छिकच. पण मोठ्या कंपन्या आणि त्यांची जागतिक संघटना क्रॉपलाइफ ती पाळण्याचं जाहीरपणे सांगतात. तिथेच संस्थांच्या हाती दोरी येते. तुम्हीच मान्य केलेला नियम आहे, आता सप्टेंबरच्या उमसात, डोक्याएवढ्या पराटीत, रबरी सूट घालून तुम्ही आठ तास फवारून दाखवा, असं त्या म्हणू शकतात. ऐच्छिक नियमाचा कोर्टात थेट उपयोग कमी, पण कंपनीने काय करायला हवं होतं याचं माप म्हणून तो पुढे ठेवता येतो.

या सगळ्याचा हाताला लागेल असा परिणाम काय? 2020 च्या ऑक्टोबरात स्विस सरकारने ठरवलं की डायफेन्थ्युरॉनसह पाच कीटकनाशकांची निर्यात 1 जानेवारी 2021 पासून बंद. हे यवतमाळच्या तक्रारीमुळेच झालं असं काही कार्यकर्ते बोलण्याच्या भरात सांगतात. ते जास्तच झालं. त्या निर्णयाची तयारी तक्रारीच्या आधीपासून चालू होती. पण ज्या यादीत हे एक रसायन आलं, ती यादी घडण्यामागे अनेक वर्षांचे अहवाल होते, आणि त्यात यवतमाळ ठळक होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट झाली. स्विस कंपन्यांनी परदेशात माणसांचं किंवा निसर्गाचं नुकसान केलं तर त्यांना स्वित्झर्लंडच्या कोर्टात जबाबदार धरावं, असा प्रस्ताव संस्थांच्या मोठ्या आघाडीने सार्वमतासाठी आणला होता. 29 नोव्हेंबरला 50.7 टक्के लोकांनी बाजूने मत दिलं, आणि तरी प्रस्ताव पडला. कारण तिथे घटना बदलायला लोकांच्या बहुमताबरोबर कँटनचं, म्हणजे तिथल्या राज्यांचंही बहुमत लागतं, आणि ते मिळालं नाही. सौम्य अशा पर्यायी नियमांवर भागलं, ज्यात कंपन्यांनी मुख्यतः अहवाल द्यायचे आहेत. कंपन्यांनीही या मतदानाविरुद्ध जोरदार प्रचार केला होता. दोन्ही बाजू सरकारबाहेरच्या, निकाल मात्र सरकारी पेटीतून निघाला.

माझ्या मते या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. जिथे जिथे काही बदललं, तिथे शेवटचा शिक्का कोणत्या ना कोणत्या राज्याचा होता. निर्यातबंदी बर्नने केली, दावा बासलच्या न्यायालयात गेला, साठ दिवसांची बंदी मुंबईने घातली. राज्य नाहीसं होत चाललं आहे, कंपन्याच आता जग चालवतात, असं बोललं जातं ते मला पटत नाही. कंपनी कोणत्या राज्याचा शिक्का आपल्या सोयीचा आहे ते निवडू शकते, शेतकऱ्याला ती सोय नसते. संस्था आणि जाळी करतात ते इतकंच, की शेतकऱ्यालाही दुसऱ्या एखाद्या राज्याच्या दारापर्यंत नेतात. आणि तेसुद्धा निवडक शेतकऱ्यांना. परदेशी संस्थेकडे पैसा आणि वेळ मोजका असतो, आणि तिच्या देशातल्या लोकांना जी कंपनी ओळखीची वाटते तिच्यावरच तिचा भर राहतो. 2017 च्या यवतमाळात मोनोक्रोटोफॉसचाही मोठा वाटा होता. ते बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या भारतीय होत्या. त्यांच्याविरुद्ध झुरिकमध्ये कोण मोहीम काढणार?

बूमरँग फिरून आपल्याकडे किती आलं, हेही बघू. स्वित्झर्लंडहून माल येणं थांबलं म्हणून डायफेन्थ्युरॉन थांबत नाही. त्याचं पेटंट केव्हाच संपलं आहे, अनेक कंपन्या ते आपापल्या नावाने विकतात आणि नोंदणी फरिदाबादची आहे. तिथला शिक्का हलवायचा तर दाबही तिथेच पोचायला हवा. केंद्र सरकारने 2020 च्या मे महिन्यात 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. उद्योगांच्या संघटनांनी हरकती घेतल्या, समित्या बसल्या, आणि 2023 च्या अंतिम आदेशात पूर्ण बंदी फक्त तिघांवर उरली: डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल. मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणालाही साठा संपेपर्यंत मुदत देऊन बाहेरची वाट दाखवली गेली. इथे दबाव आणणारे परदेशी नव्हते. देशी उद्योगसंघटनाही राज्येतर घटकच आहेत, आणि त्यांना बर्न-बासलचा फेरा मारावा लागत नाही, दिल्लीत त्यांचं कार्यालय असतं.

आपल्या बाजूने करण्यासारखं काय, असं गावातले लोक विचारतात तेव्हा मी कागदाचंच सांगतो. औषध घेताना पावती पक्की घ्या. तिच्यावर औषधाचं नाव, कंपनी आणि बॅच नंबर आहे का ते दुकानातच बघून घ्या. फवारल्यावर पुडी किंवा डबा बांधावर फेकू नका, निदान हंगाम संपेपर्यंत गोठ्यात उंच जागी ठेवा. रोजीने माणूस लावला असेल तर त्या दिवशी टाकीत काय काय घातलं ते वहीत तारखेसह लिहा. कोणाला त्रास झाला तर पुडी दवाखान्यात सोबत न्या, डॉक्टरला त्यावरचं बारीक नाव दाखवा आणि रक्ताची तपासणी लगेच करायला सांगा, कारण दिवस जातात तसं तपासणीत दिसणारं कमी होत जातं. पोलीस जबाब घेतील तेव्हा 'फवारणीचं औषध' एवढंच न सांगता नाव सांगा. एकच औषध मारलं असेल तर तेही लिहून घ्यायला लावा, आणि एमएलसी नंबर मागून घ्या. मग ती नोंद जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात लागेल की कुठल्या परदेशी कोर्टात, हे पुढचं पुढे. स्विस कायद्यातली ती तीन वर्षांची मुदत मात्र त्रास झाला आणि कोणामुळे झाला हे कळलं त्या दिवसापासूनच चालू होते.